टेपवरचा एक सेंटीमीटर आणि खोलीचे क्षेत्रफळ

खोलीची लांबी मोजायची, रुंदी मोजायची आणि दोहोंचा गुणाकार करायचा, हे आपण चौथी-पाचवीत शिकतो. त्यानंतर बहुतेकांचा या विषयाशी पुन्हा संबंध येतो तो घर बांधताना. चिखली तालुक्यातल्या उंद्रीसारख्या गावात तो अनेक मार्गांनी येतो. फरशी बसवणाऱ्याचा हिशेब चौरस फुटावर होतो. रंगकाम आणि प्लास्टर कधी चौरस फुटावर, कधी ब्रासवर ठरते. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये घराचे क्षेत्रफळ लिहिलेले असते, आणि 2015 साली नियम बदलल्यानंतर घरपट्टी भांडवली मूल्यावर ठरत असल्याने हे क्षेत्रफळ थेट गुणाकारात जाते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटर अशी अट आहे. या प्रत्येक ठिकाणी शेवटी एक आकडा लिहिला जातो, आणि तो आकडा टेपच्या दोन-चार वाचनांतून आलेला असतो.

ही पुस्तिका त्या वाचनांविषयी आहे. टेप भिंतीला टेकवल्यापासून कागदावर क्षेत्रफळ लिहिले जाईपर्यंत चूक कुठे शिरते, शिरल्यावर ती कशी वाढते आणि कोणती चूक शोधण्यासारखी असते, एवढाच तिचा विषय आहे. गवंडी, मिस्त्री, घरमालक, ग्रामपंचायतीतले कर्मचारी आणि शाळेत क्षेत्रफळ शिकवणारे शिक्षक हे वाचक समोर ठेवून ती लिहिली आहे. पुढच्या प्रकरणांत जे सविस्तर येणार आहे त्याचा गाभा एका खोलीच्या आधाराने इथे मांडतो.

ती खोली आपल्याकडच्या नेहमीच्या मापाची घेऊ. आतून लांबी 3.66 मीटर आणि रुंदी 3.05 मीटर, म्हणजे आपण जिला बारा बाय दहाची खोली म्हणतो ती. तिचे खरे क्षेत्रफळ 3.66 × 3.05 = 11.163 चौरस मीटर, म्हणजे साधारण 120 चौरस फूट. आता समजा, टेपचे वाचन दोन्ही वेळा एक-एक सेंटीमीटर जास्त आले. कागदावर 3.67 आणि 3.06 लिहिले गेले. गुणाकार होतो 11.2302. फरक 0.0672 चौरस मीटर, म्हणजे पाऊण चौरस फुटाच्या आसपास.

हा फरक कुठून आला ते जमिनीवर खडूने आखून पाहिले की नीट कळते. लांबी एक सेंटीमीटर वाढली म्हणजे आखूड भिंतीच्या कडेने 3.05 मीटर लांब आणि एक सेंटीमीटर रुंद अशी पट्टी खोलीला जोडली गेली. रुंदी एक सेंटीमीटर वाढली म्हणजे लांब भिंतीच्या कडेने 3.66 मीटरची तशीच पट्टी जोडली गेली. कोपऱ्यात या दोन पट्ट्यांमध्ये एक सेंटीमीटरचा चिमुकला चौकोन उरतो. तो 0.0001 चौरस मीटरचा असतो आणि निर्धास्तपणे सोडून देता येतो. टेपवर जी चूक एका रेघेएवढी दिसत होती, ती गुणाकारात अख्ख्या भिंतीएवढी लांब झाली. म्हणूनच खोलीच्या क्षेत्रफळातली चूक टेपकडे पाहून जोखता येत नाही. समोरची भिंत किती लांब आहे तेही पाहावे लागते.

या पट्ट्यांवरून एक उपयोगी नियम निघतो. लांबीतल्या चुकीला रुंदी गुणते आणि रुंदीतल्या चुकीला लांबी गुणते. म्हणजे आखूड बाजू मोजताना झालेली चूक जास्त महाग पडते. ओसरीचे उदाहरण घ्या. 7.44 मीटर लांब आणि 1.50 मीटर रुंद ओसरीचे क्षेत्रफळ 11.16 चौरस मीटर, म्हणजे आपल्या खोलीइतकेच. तिच्या लांबीत एक सेंटीमीटर चुकला तर क्षेत्रफळ फक्त 0.015 चौरस मीटरने हलते. रुंदीत तेवढाच सेंटीमीटर चुकला तर 0.074 ने हलते, जवळजवळ पाचपट. प्रत्यक्षात माणसे नेमके उलटे वागतात. लांब बाजू अवघड वाटते म्हणून दोघे जण मिळून टेप ताणून धरतात, आणि रुंदी हाताच्या अंतरावर असते म्हणून एकटाच माणूस ती पटकन मोजून टाकतो. लांब-अरुंद जागेत आखूड बाजू दोनदा आणि दोन ठिकाणी मोजावी, हा या पुस्तिकेतला पहिला सल्ला आहे.

दुसरा मुद्दा चुकीच्या दिशेचा आहे, आणि माझ्या मते या विषयात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. वर आपण दोन्ही वाचने जास्त आली असे धरले. पण एक सेंटीमीटरची चूक कधी जास्तीची, तर कधी कमीचीही असू शकते. त्या हिशेबाने चार शक्यता होतात. दोन्ही वाचने जास्त आली तर क्षेत्रफळ 0.0672 ने वाढते. दोन्ही कमी आली तर 3.65 × 3.04 = 11.096, म्हणजे 0.067 ने घटते. पण लांबी जास्त आणि रुंदी कमी आली तर 3.67 × 3.04 = 11.1568, आणि फरक फक्त 0.0062 उरतो. उलट झाले, तर 3.65 × 3.06 = 11.169, फरक 0.006. म्हणजे चारपैकी दोन वेळा दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि दोन वेळा एकमेकींवर चढतात. चौघींचा सरासरी पल्ला गणिताच्या रीतीने, म्हणजे फरकांचे वर्ग करून, त्यांची सरासरी घेऊन आणि तिचे वर्गमूळ काढून पाहिला तर तो सुमारे 0.048 येतो. 0.067 पेक्षा तो बराच कमी आहे.

एका खोलीत हा भेद लहान वाटतो. पण घरात एकच खोली नसते. आपल्या मापाच्या चार खोल्यांचे घर धरू. प्रत्येक वाचनात एक सेंटीमीटर जास्त येत असेल, तर चारही खोल्यांच्या चुका सरळ बेरजेने वाढतात आणि घराचे क्षेत्रफळ 0.27 चौरस मीटरने, म्हणजे जवळजवळ तीन चौरस फुटांनी जास्त निघते. तेच वाचन कधी इकडे, कधी तिकडे चुकत असेल, तर चार खोल्यांची चूक चौपट होत नाही, साधारण दुप्पट होते. 0.048 ची 0.095 होते. खोल्या सोळा असतील तर एकाच दिशेची चूक सोळापट होते आणि दोन्ही दिशांची साधारण चौपट. एकाच दिशेची चूक मोजमापांच्या संख्येबरोबर वाढते, दोन्ही दिशांची चूक त्या संख्येच्या वर्गमुळाबरोबर वाढते. त्यामुळे हाताच्या बारीक थरथरीची फार काळजी करू नये. ज्या चुकीला दिशा आहे, ती शोधावी.

मग अशा दिशेच्या चुका कोणत्या? त्या टेपच्या दोन्ही टोकांना, टेपच्या मधल्या भागात आणि वहीत सापडतात. एकेक पाहू.

टेपच्या सुरुवातीला जो लोखंडी आकडा असतो तो थोडा सैल असतो. पुष्कळांना तो खराब झाला असे वाटते आणि ते तो ठोकून घट्ट करतात. खरे तर तो मुद्दामच सैल ठेवलेला असतो. बाहेरून मोजताना आकडा कडेला अडकवून ओढला की तो आपल्या जाडीइतका पुढे सरकतो, आणि आतून भिंतीला टेकवून दाबला की तेवढाच मागे जातो. त्यामुळे दोन्ही प्रकारे शून्य बरोबर जागी येते. ठोकून घट्ट केला की दोहोंपैकी एका प्रकारच्या मापात साधारण एक मिलिमीटरची कायमची चूक बसते. आकडा वाकलेला असेल तर चूक याहून जास्त. कापडी किंवा फायबरच्या लांब टेपमध्ये याहून मोठी भानगड असते. त्याचे टोक तुटते, सुरुवातीचा तुकडा जातो, आणि कडी पुन्हा पुढे बांधून टेप वापरात राहतो. एक सेंटीमीटर गेलेला असेल तर त्या टेपचे प्रत्येक वाचन एक सेंटीमीटर जास्त येणार. घराघरांत, खोल्याखोल्यांत तीच चूक तशीच जाणार.

दुसऱ्या टोकाला समोरच्या भिंतीचा कोपरा असतो. तिथे टेप वाकवून अंदाजाने वाचण्याची सवय सर्वत्र आहे. वाकलेल्या पात्याची गोलाई कोपऱ्यात पूर्ण जात नाही आणि चार-पाच मिलिमीटरचा अंदाज निव्वळ डोळ्यावर राहतो. टेपच्या डबीवर तिची स्वतःची लांबी छापलेली असते. डबी भिंतीला टेकवून वाचनात ती लांबी मिळवली की अंदाजाची गरज संपते. पण ती मिळवायचे विसरले तर चूक सरळ डबीएवढी होते.

मधल्या भागात दोन चुका असतात, आणि दोन्ही वाचन जास्तच देतात. पहिली तिरकेपणाची. खोलीची लांबी म्हणजे दोन समोरासमोरच्या भिंतींमधले सर्वांत कमी अंतर. टेप जराही तिरका गेला तर तो जास्तच वाचणार, कमी कधीच नाही. 3.66 मीटरच्या मापात टेपचे दुसरे टोक 20 सेंटीमीटर बाजूला गेले, तर वाचन साडेपाच मिलिमीटर वाढते. खोलीत सामान असले की 20 सेंटीमीटर सहज जातात. दुसरी चूक झोळाची. टेप कमरेच्या उंचीवर धरला आणि तो मध्ये 10 सेंटीमीटर खाली झुकला, तर त्याच 3.66 मीटरला वाचन सुमारे सात मिलिमीटर जास्त येते. दोन्ही एकत्र झाल्या तर सव्वा सेंटीमीटर. आपण सुरुवातीला धरलेला एक सेंटीमीटर असा रोजच्या मोजणीतूनच येतो. दोन्ही चुकांचे औषध एकच आहे: टेप जमिनीवर टेकवून, फरशीच्या किंवा दोरीच्या सरळ रेषेवर ठेवून मोजणे.

यांच्या तुलनेत ज्यांची चर्चा फार होते त्या चुका लहान आहेत. उन्हाळ्यात आपल्या भागात पारा 45 अंशांजवळ जातो आणि पोलादी टेप तापून लांब होतो, हे खरे आहे. टेप 20 अंश तापमानाला बरोबर असतो असे धरले जाते. 25 अंशांच्या फरकाने 3.66 मीटरला जेमतेम एक मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तोही वाचन कमी करणारा. कारखान्यातून येणाऱ्या टेपच्या अचूकतेचे वर्ग ठरलेले असतात आणि ते पात्यावर रोमन आकड्यात छापलेले असतात. दुसऱ्या वर्गाच्या टेपला चार मीटरपर्यंत साधारण 1.1 मिलिमीटरची मुभा असते. खोलीच्या मापासाठी एवढे पुरेसे आहे. महागडा टेप घेऊन तो तिरका धरण्यापेक्षा साधा टेप सरळ धरलेला बरा.

तिसरी जागा वहीची, आणि तिथली चूक टेपच्या सगळ्या चुकांना मागे टाकते. आपल्याकडे मिस्त्री फूट-इंचांत मोजतात आणि हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. 12 फूट 3 इंच हे 12.3 असे लिहिले जाते आणि 10 फूट 9 इंच हे 10.9 असे. पण फुटात बारा इंच असतात, दहा नव्हे. 3 इंच म्हणजे 0.25 फूट आणि 9 इंच म्हणजे 0.75 फूट. बरोबर गुणाकार 12.25 × 10.75 = 131.69 चौरस फूट. वहीतला गुणाकार 12.3 × 10.9 = 134.07. फरक जवळजवळ 2.4 चौरस फूट. दोन्ही बाजूंना एक-एक सेंटीमीटर चुकून जेवढा फरक पडला होता, त्याच्या तिप्पट. याहून वाईट प्रकार 10 फूट 10 इंचांचा. ते 10.10 लिहिले की कॅल्क्युलेटर ते 10.1 समजतो, म्हणजे पावणेनऊ इंच गायब होतात. समोरची भिंत 12 फूट 3 इंच असेल तर नऊ चौरस फूट कमी भरतात. ज्याला फूट-इंचांतच मोजायचे आहे त्याने सगळे इंचांत लिहावे, गुणाकार करावा आणि शेवटी 144 ने भागावे. मीटरमध्ये मोजणाऱ्याला हा त्रास होतच नाही.

पूर्ण आकडे करण्याची सवयही याच वहीतली. भारतीय मानक 1200 या बांधकाम मोजणीच्या मानकात लांबी सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे 0.01 मीटरपर्यंत मोजावी असे आहे. वाचन जवळच्या सेंटीमीटरवर आणले तर चूक कधी इकडे, कधी तिकडे अर्ध्या सेंटीमीटरच्या आत राहते आणि अनेक खोल्यांत पुष्कळशी कटते. पण दर वेळी वरच्या इंचावर नेण्याची रीत असेल, तर सरासरी अर्धा इंच, म्हणजे सव्वा सेंटीमीटर, प्रत्येक वाचनात एकाच दिशेने चढतो. पूर्णांक करायचा तर तो जवळचा करावा, आणि शेवटच्या उत्तरात करावा.

इथपर्यंत खोली काटकोनी आहे असे आपण धरले. उंद्री आणि आसपासच्या गावांत पांढऱ्या मातीची धाब्याची जुनी घरे अजून आहेत, आणि त्यांच्या भिंती काटकोनात असतातच असे नाही. चार बाजू मोजल्या म्हणून चौकोनाचे क्षेत्रफळ ठरत नाही, हे आपल्याकडे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’त ही गोष्ट कडक शब्दांत मांडली आहे: कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. म्हणजे ही शिकवण आपल्या मुलखापासून दूरची नाही.

पण तिरप्या खोलीबद्दल एक गोष्ट पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. आपली 3.66 बाय 3.05 ची खोली काटकोनापासून तीन अंशांनी तिरपी आहे असे समजा. दोन्ही कर्ण मोजले तर त्यांत जवळजवळ 25 सेंटीमीटरचा फरक दिसेल. फरशी बसवणारा कपाळाला हात लावेल, कारण एका भिंतीच्या कडेला प्रत्येक फरशी तिरपी कापावी लागेल. पण क्षेत्रफळ किती बदलते? फक्त 0.015 चौरस मीटर. दोन्ही बाजूंना एक सेंटीमीटर जास्त वाचल्याने पडणारा फरक याच्या चौपटीहून जास्त आहे. तिरपेपणा दहा अंशांपर्यंत गेला की मात्र 0.17 चौरस मीटरचा फरक पडतो, आणि तेव्हा कर्ण मोजून खोलीचे दोन त्रिकोण केल्याशिवाय गत्यंतर नाही. थोडा तिरपेपणा डोळ्याला फार खुपतो, पण क्षेत्रफळाला फारसा लागत नाही. एक सेंटीमीटरची चूक मात्र डोळ्याला दिसतच नाही.

एल आकाराच्या खोलीत आणखी एक निवड करावी लागते. 4.50 बाय 3.60 मीटरची खोली आहे आणि तिच्या एका कोपऱ्यात जिन्याने 1.20 बाय 0.90 मीटर जागा घेतली आहे. क्षेत्रफळ दोन रीतींनी निघते. मोठ्या आयतातून लहान वजा करा: 16.20 − 1.08 = 15.12. किंवा खोलीचे दोन तुकडे करून बेरीज करा: 4.50 × 2.70 आणि 3.30 × 0.90, म्हणजे 12.15 + 2.97 = 15.12. उत्तर एकच. पण प्रत्येक वाचनात एक सेंटीमीटर जास्त येणारा टेप वापरला, तर पहिल्या रीतीने 15.18 येते आणि दुसऱ्या रीतीने 15.234. चूक 0.06 आणि 0.114, जवळजवळ दुप्पट. पहिल्या रीतीत लहान आयतही जास्त मोजला जातो आणि वजाबाकीत त्याची चूक उलट्या दिशेने वळते. दुसऱ्या रीतीत दोन्ही तुकड्यांची चूक एकाच दिशेने चढते. खोलीचे जितके तुकडे कराल तितक्या नव्या कडा तयार होतात, आणि प्रत्येक कडेला चुकीची पट्टी चिकटते. म्हणून जिथे जमेल तिथे मोठे माप घेऊन कोपरा वजा करावा.

मोजण्याआधी आणखी एक गोष्ट ठरवावी लागते: माप नेमके कुठून कुठवर घ्यायचे. आतून 12 मिलिमीटर जाडीचे प्लास्टर झाले की दोन्ही बाजूंनी मिळून 24 मिलिमीटर जातात. आपली खोली प्लास्टरआधी 3.66 × 3.05 असेल, तर नंतर ती 3.636 × 3.026 उरते आणि क्षेत्रफळ 11.00 होते. फरक 0.16 चौरस मीटर, टेपच्या एक सेंटीमीटरच्या चुकीच्या दुपटीहून जास्त. मातीच्या भिंती तर खाली जाड आणि वर निमुळत्या असतात, त्यामुळे जमिनीलगतचे आणि कमरेच्या उंचीचे माप वेगळे येते. यात टेपचा काही दोष नसतो. दोन माणसांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात. वाद झाला की आधी हे पाहावे.

आता या सगळ्याचा परिणाम जिथे खरोखर बोचतो, तिथे येऊ. फरशीच्या हिशेबात पाऊण चौरस फूट कमी-जास्त झाला तर फारसे बिघडत नाही, कारण फरशीची पेटी पुरी घ्यावी लागते आणि तुकड्यांची नासधूस त्याहून जास्त असते. पण जिथे मर्यादा आखलेली असते, तिथे लहान चूक निर्णय फिरवते. घरकुलाचे 25 चौरस मीटरचे उदाहरण घ्या. 6.25 × 4.00 असे मोजून बरोबर 25 चौरस मीटरचे घर बांधले, आणि वाचने एक-एक सेंटीमीटर कमी आली, तर 6.24 × 3.99 = 24.90. घर तेच, पण कागदावर ते मर्यादेच्या खाली गेले. इथे उपाय मोजणीत नाही, आखणीत आहे. एक सेंटीमीटरच्या चुकीसाठी लांबी आणि रुंदीची बेरीज करून तिला 0.01 ने गुणायचे, म्हणजे 10.25 × 0.01 = 0.10 चौरस मीटर. तेवढी जागा आखतानाच जास्त धरावी. कुठल्याही आयताला हा हिशेब लागू पडतो, आणि तो तोंडी करता येतो.

चूक आहे हे ओळखायचे कसे? पुन्हा पुन्हा मोजल्याने दोन्ही दिशांची चूक दिसते, कारण वाचने थोडी वेगवेगळी येतात. तुटलेल्या टोकाची चूक मात्र दहा वेळा मोजूनही दिसत नाही. दहाही वेळा तीच येते आणि उलट खात्री वाढवते. तिच्यासाठी एक साधी चाचणी आहे. जमिनीवर खोलीच्या साधारण मधोमध एक खूण करा. आधी भिंतीपासून भिंतीपर्यंत एका दमात मोजा. मग एका भिंतीपासून खुणेपर्यंत आणि समोरच्या भिंतीपासून खुणेपर्यंत मोजा, दोन्ही वेळा टेपचे शून्याचे टोक भिंतीला लावून. दोन तुकड्यांची बेरीज अख्ख्या मापाएवढी आली पाहिजे. टेप सुरुवातीला एक सेंटीमीटर जास्त वाचत असेल, तर अख्खे माप 3.67 येईल आणि तुकड्यांची बेरीज 3.68, कारण तुकड्यांत शून्याची चूक दोनदा आली. जो फरक दिसतो तीच टेपची चूक. ती एकदा कळली की प्रत्येक वाचनातून वजा करता येते, आणि टेप फेकावा लागत नाही. या चाचणीची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. कापडी टेप सर्व लांबीभर ताणला गेला असेल, तर अख्खे माप आणि तुकडे सारख्याच प्रमाणात चुकतात आणि फरक दिसत नाही. त्यासाठी तो टेप पोलादी टेपशेजारी पसरून पाहण्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

पुढच्या प्रकरणांत यातला प्रत्येक मुद्दा आकृत्यांसह आणि सोडवलेल्या उदाहरणांसह येईल. वाचकांना एकच विनंती आहे. पुस्तिका वाचण्याआधी आपल्याच घरातली एक खोली मोजा. प्रत्येक बाजू दोन ठिकाणी मोजा, एक कर्ण मोजा, मधल्या खुणेची चाचणी करा आणि सर्व वाचने जशी आली तशी, पूर्णांक न करता, कोणत्या टेपने आणि कोणत्या एककात घेतली ते लिहून ठेवा. क्षेत्रफळाशेजारी ते किती चौरस मीटरने कमी-जास्त असू शकेल तेही लिहा. ग्रामपंचायतीच्या वहीत, मिस्त्रीच्या हिशेबात किंवा मुलांच्या पाटीवर असे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले जाऊ लागले, तर पाव चौरस मीटरवरून होणारे पुष्कळसे वाद सुरूच होणार नाहीत.